गळवाला शेक हवा, चटका नव्हे

काखेत किंवा कुल्ल्यावर उठणारे लाल, ठणकणारे गळू म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग. कोणी त्याला केस्तूड म्हणते, कोणी करट, आणि काखेतले असेल तर काखमांजरी. नाव काहीही असो, घरगुती उपचाराबद्दल बहुतेक घरांत एकच मत ऐकू येते: शेक सोसवेल तितका कढत द्यावा, म्हणजे आतले विष जळते, गळू झटपट पिकते, आणि पिकले की दाबून पू काढून टाकला म्हणजे माणूस मोकळा. हे मत ठामपणे सांगितले जाते आणि क्वचितच तपासले जाते. शेक हा गळवावरचा योग्य घरगुती उपाय आहे, याबद्दल वाद नाही. पण तो कढत असावा लागतो, तो जंतू जाळतो आणि त्यानंतर गळू पिळायचे असते, या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. दवाखान्यात येणाऱ्या भाजलेल्या काखा आणि चिघळलेली गळवे पुष्कळदा याच समजुतींतून आलेली असतात.

हे नीट पाहायचे तर गळवाच्या आत काय घडते ते आधी पाहावे लागते. केस ज्या नळीतून बाहेर येतो त्या नळीत घाम, घर्षण किंवा वस्तऱ्याने पडलेली बारीक खरचट यांमुळे फट पडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू तिथून आत शिरतो. हा जंतू दुर्मीळ नाही. साधारण दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहतो, आणि काख, जांघ अशा ओलसर घड्यांतही त्याचा मुक्काम असतो. लुई पाश्चरने १८८० मध्ये गळवाच्या पुवात जंतू दाखवून दिले. त्याच सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना सूक्ष्मदर्शकाखाली पुवात द्राक्षांच्या घोसासारखे जंतूंचे पुंजके दिसले, आणि १८८२ मध्ये त्यांनी या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले.

जंतू आत शिरल्यावर शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडते. त्या जंतूंना गिळतात, स्वतः मरतात, आजूबाजूची थोडी त्वचाही विरघळते, आणि या सगळ्या मढ्यांचा दाट पिवळा द्रव म्हणजे पू. या पुवाभोवती शरीर एक भिंत घालते. सुरुवातीला ती रक्त गोठवणाऱ्या तंतूंची असते आणि पुढे नव्या मांसल थराची होते. हाताला लागणारी कडक गाठ ती हीच. संसर्ग शेजारच्या ऊतींत आणि रक्तात पसरू नये म्हणून ही भिंत असते, आणि गळवाच्या उपचारातली प्रत्येक बरीवाईट गोष्ट शेवटी याच भिंतीशी येऊन ठेपते. पू वाढतो, आतला दाब वाढतो, ठणका वाढतो. वरची त्वचा पातळ होत जाते, मधोमध पिवळसर टोक दिसते आणि एक दिवस ते आपोआप फुटते. शरीराचा हा मार्ग आत न जाता बाहेरच्या दिशेने जातो. शेकाने करायचे ते एवढेच, की या मार्गाला हातभार लावायचा.

इथे रक्ताच्या अशुद्धीचा मुद्दा हातावेगळा करता येतो. गळू होणाऱ्याचे रक्त खराब असते, असे सांगत रक्तशुद्धीचे काढे आणि बाटल्या विकल्या जातात. साध्या गळवात जंतू केसाच्या मुळाशी असतात, रक्तात नसतात. ते खरोखर रक्तात उतरले तर माणूस थंडी वाजून तापाने फणफणतो आणि त्याला रुग्णालयात दाखल करावे लागते. बाटलीभर काढ्याने ते प्रकरण आटोपत नाही. आंब्याची गोष्टही तशीच. आंबे उष्ण पडतात म्हणून गळवे येतात, हे कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे ऐकू येते. आंब्याचा हंगाम आणि गळवांचा हंगाम एकच आहे हे खरे, पण त्याचे कारण एप्रिल-मेचा उकाडा आहे. घाम साचतो, घामोळे येते, ते खाजवले जाते, आणि जंतूला दार मिळते. आंबा न खाणाऱ्यालाही त्याच महिन्यांत गळू होते.

आता कढत शेकाचा मुख्य दावा. आतले विष जळते याचा अर्थ जंतू उष्णतेने मरतात असा घेतला, तर तो दावा आकड्यांपुढे टिकत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत चांगला वाढतो, पण ४५ अंशांच्या आसपासही तो तग धरतो. माणसाची त्वचा मात्र त्या आधीच इजा होण्याच्या टप्प्यात येते. हार्वर्डमधले मॉरित्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्वचा किती अंशाला किती वेळात भाजते हे मोजले होते. ४४ अंशांवर पूर्ण भाजायला सुमारे सहा तास लागतात. ४९ अंशांवर ते काही मिनिटांवर येते. ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. म्हणजे जंतू मारण्याइतकी उष्णता गळवाच्या तळापर्यंत पोचवायची म्हटले, तर तोपर्यंत वरची त्वचा शिजून गेलेली असते. त्यातही उष्णता त्वचेतून फार खोल जात नाही; खाली वाहणारे रक्त ती उचलून नेते. शेक जंतू मारण्यासाठी नसतोच.

मग तो कशासाठी? कोमट-गरम ओल्या कापडाखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्या जागी रक्त वाढते आणि त्याबरोबर पांढऱ्या पेशीही वाढतात. टोकावरची कडक, कोरडी त्वचा ओलाव्याने मऊ पडते. आजूबाजूचे आखडलेले स्नायू सैल होऊन ठणका कमी होतो. हे सगळे ४० अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सुखद वाटणाऱ्या उबेत होते. त्याहून दहा अंश चढवल्याने पिकण्याचा वेग वाढत नाही, फक्त भाजण्याचा धोका वाढतो. उलट भाजलेली त्वचा ही दुसरी उघडी जखम होते, आणि ती नेमकी जंतूंनी भरलेल्या जागेला लागून असते.

दुसऱ्या बाजूने, शेक म्हणजे गावठी गोष्ट, त्याने काही होत नाही, थेट गोळी द्या, असे म्हणणारेही आहेत. त्यांचा आक्षेप असा की शेकाचा परिणाम मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. ते खरे आहे. शेकाची शिफारस अनुभवावर आणि वर सांगितलेल्या कार्यकारणावर उभी आहे. तरी अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये त्वचेच्या संसर्गांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत लहान गळवांना ओला शेक पुरेसा असल्याचे म्हटले आहे. ज्या उपायाला खर्च नाही, नीट केल्यास धोका नाही आणि ठणका त्याच वेळी कमी होतो, तो सोडून देण्यासाठी चाचण्या नाहीत एवढे कारण पुरत नाही. शेक सपशेल नाकारणारा आणि कढत शेक सांगणारा या दोघांचीही चूक एकाच जागी आहे. शेकाने रोग बरा व्हायला हवा असे दोघेही धरून चालतात, आणि त्याचे काम मात्र गळवाला वाट करून देण्यापुरतेच असते.

पाण्याचे माप घरात थर्मामीटर नसतानाही जमते. नळाचे पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर चार वाट्या त्या पाण्यात एक वाटी उकळते पाणी घातल्यावर मिश्रण सुमारे ४० अंश होते. आधी थंड पाणी भांड्यात घ्यावे आणि मग उकळते ओतावे. उलट केले की उकळत्या पाण्याचे शिंतोडे आणि वाफ हातावर येतात. थंडीत महाबळेश्वरला नळाचे पाणी खूपच गार असते, तिथे हेच प्रमाण कोमटसुद्धा देणार नाही, म्हणून शेवटची खात्री मनगटाच्या आतल्या बाजूवर करावी. तान्ह्या बाळाच्या आंघोळीला पाणी जसे पाहतात तसेच. मनगटाला ते गरम वाटावे, पण हात मागे घ्यावासा वाटू नये. रुग्ण सोसतोय हे माप धरू नये. ठणक्याने बेजार झालेला माणूस चटका हीच कसोटी मानतो, आणि चटक्याची वेदना काही क्षण ठणक्यावर मात करते म्हणून त्याला आराम पडल्यासारखा वाटतो.

हात साबणाने धुवून स्वच्छ सुती कापडाची घडी त्या पाण्यात बुडवावी, पिळून काढावी आणि न दाबता गळवावर ठेवावी. जुन्या धुतलेल्या धोतराचे किंवा मऊ साडीचे तुकडे यासाठी उत्तम. ओले कापड दोन-तीन मिनिटांत गार होते, म्हणून ते परत बुडवून ठेवावे लागते. एकदा ठेवून पंधरा मिनिटे विसरले तर तो शेक नाहीच, ओले फडके आहे. असे दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. शेक झाल्यावर जागा हलकेच टिपून कोरडी करावी. गळू फुटून पाझरू लागले की पुवाचे कापड त्याच भांड्यात परत बुडवू नये. दर वेळी नवे कापड घ्यावे आणि वापरलेले वेगळे ठेवावे. सगळी कापडे गरम पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात वाळवावीत, आणि घरातल्या दुसऱ्या कोणीही ती वापरू नयेत. पंचा आणि टॉवेलसुद्धा नाही.

काखेत शेक देताना हात डोक्यावर घेऊन आडवे पडावे, म्हणजे घडी उलगडते आणि कापड नीट बसते. गळू बरे होईपर्यंत त्या काखेला वस्तरा आणि डिओडरंट दोन्ही लावू नये, आणि घट्ट बाह्यांचे ब्लाऊज किंवा टीशर्ट बाजूला ठेवावे. कुल्ल्यावरच्या गळवासाठी पालथे किंवा कुशीवर झोपावे. इथे एक चूक फार होते: रबरी पिशवीत उकळते पाणी भरायचे, ती अंथरुणावर ठेवायची आणि तिच्यावर बसायचे किंवा आडवे व्हायचे. शरीराचा भार पडला की खालच्या रक्तवाहिन्या दबतात. एरवी उष्णता वाहून नेणारे रक्त तिथून वाहत नाही, आणि त्वचा नेहमीपेक्षा कमी वेळात भाजते. त्यात झोप लागली तर पिशवी गार होईपर्यंत कोणी हलत नाही. विजेच्या शेकपट्टीचीही तीच गत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या ओल्या कापडात काही भाग कोमट आणि काही वाफाळते राहतात, तव्यावर तापवलेल्या फडक्याचा अंदाजच येत नाही. दिवसेंदिवस तापलेल्या पिशवीने शेकलेल्या त्वचेवर तपकिरी जाळीसारखे डाग उमटतात. ते दिसले की शेक फार गरम होत आहे हे नक्की समजावे.

मधुमेहाने ज्यांच्या नसा बधिर झाल्या आहेत त्यांना चटका कळत नाही. अशा माणसाने पाणी स्वतः तपासू नये, घरातल्या दुसऱ्याने तपासावे. लकवा झालेल्या, फार वृद्ध आणि लहान मुलांच्या बाबतीतही तेच. मधुमेह्याने तर गळू दिसताच घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे, कारण त्याच्या गळवाची ती भिंत कच्ची राहू शकते आणि संसर्ग खोल पसरू शकतो.

एक नमुना धरू. तिशीतला, एरवी निरोगी टेम्पोचालक, मे महिना, दिवसाचे दहा तास रेक्झिनच्या तापलेल्या सीटवर. उजव्या कुल्ल्याच्या मांसल भागावर, शौचाच्या जागेपासून चांगली चार बोटे दूर, वाटाण्याएवढी लाल गाठ येते. पहिल्या दिवशी ती कडक असते, बसले की टोचते. ताप नाही. रात्री तो शेक सुरू करतो, दिवसातून चार वेळा, आणि सीटवर सुती चादर टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठ सुपारीएवढी होते आणि ठणका वाढतो. नेमक्या याच दिवशी बहुतेकांचा धीर सुटतो. शेकाने वाढले असे वाटून कोणी शेक थांबवतो, कोणी पाणी उकळते घेतो, कोणी अंगठ्याने दाबून पाहतो. प्रत्यक्षात हे वाढणे अपेक्षितच असते, पू जमू लागल्याची ती खूण आहे. लाली गाठीभोवती बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यातच आहे ना, एवढेच त्याने पाहायचे असते. लालीच्या कडेला पेनने रेघ ओढून ठेवली की दुसऱ्या दिवशी ती रेघेबाहेर गेली का ते लगेच कळते. चौथ्या-पाचव्या दिवशी गाठ मध्यभागी मऊ पडते आणि पिवळे टोक दिसते. सहाव्या दिवशी शेक देताना ते फुटते, चमचाभर पू आणि थोडे रक्त येते, आणि ठणका तासाभरात निम्म्यावर येतो. त्यानंतर शेक लगेच बंद करायचा नाही. वाट उघडी राहावी आणि उरलेला पू आपोआप वाहावा म्हणून आणखी दोन-तीन दिवस द्यायचा, वर कोरडी गॉज ठेवून ती ओली झाली की बदलायची. आठवडा-दहा दिवसांत खड्डा भरतो, मागे काही काळ गडद डाग राहतो. याच चालकाची लाली चौथ्या दिवशी रेघेबाहेर गेली असती किंवा अंगात कणकण आली असती, तर घरचा शेक तिथेच संपून दवाखाना सुरू झाला असता.

पिळण्याचा मुद्दा आता वेगळा सांगावा लागत नाही, तरी त्याचा युक्तिवाद तपासण्यासारखा आहे. पिळणारा म्हणतो, पू कधीतरी बाहेर यायचाच आहे, मग आजच का नाही? उत्तर असे की बोटांच्या दाबाला दिशा नसते. त्वचा जिथे पातळ झालेली नाही तिथे वरची वाट बंद असते, आणि पुवाला सगळ्यांत कमी अडथळा असलेली बाजू ही पुष्कळदा खालची किंवा बाजूची असते. भिंत तिथे फाटते. वाटाण्याएवढे गळू दोन दिवसांत लिंबाएवढे होते, आणि बाजूला दुसरे तोंड उघडते. जंतू रक्तात ढकलले जाण्याचा धोकाही यातलाच. फुटलेले गळूसुद्धा पिळायचे नसते. वाट मोकळी असेल तर पू दाबाशिवाय येतो, आणि येत नसेल तर आत कप्पे पडलेले असतात. ते बोटांनी फुटत नाहीत. सेफ्टी पिन किंवा सुई मेणबत्तीवर धरून टोचली की ती निर्जंतुक झाली, हाही भ्रम. काजळी धरलेली ती सुई टोकाच्या खाली किती आत गेली हे टोचणाऱ्याला दिसत नाही. शल्यचिकित्सक गळू चिरतो तेव्हा तो जागा बधिर करून पुरेसे मोठे तोंड करतो आणि आतले कप्पे मोकळे करतो. काम काही मिनिटांचेच असते, पण ते पिळणे नव्हे.

लेपांविषयी थोडक्यात. हळदीचा पातळ लेप सहसा निरुपद्रवी असतो, फक्त लाली झाकून टाकतो आणि ती पसरते आहे का हे कळू देत नाही. चुना आणि गूळ मात्र निरुपद्रवी नाही. पानाचा चुना हा तीव्र अल्कली आहे. गुळामुळे तो चिकटून बसतो आणि ताणलेली, पातळ झालेली त्वचा जाळतो. या लेपाने गळू फुटते असे सांगतात, पण ते फुटलेले नसते, त्यावरची कातडी भाजून निघालेली असते. ठेचलेला कच्चा लसूण बांधल्यानेही असेच भाजते. पूर्वीच्या जवसाच्या किंवा कणकेच्या पोटिसात तत्त्व ओल्या उबेचेच होते, आणि ते काम कोमट पाण्याचे कापड जास्त स्वच्छपणे करते.

औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून गळू बसवायचा प्रयत्न हा आणखी एक पक्का रिवाज. गोळी रक्तातून जाते, आणि पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. आतले वातावरण आम्लधर्मी, जंतू अर्धवट सुस्त. अशा ठिकाणी औषध पोचते थोडे आणि चालते त्याहून कमी. साचलेल्या पुवावर खरा उपचार निचरा, हा शस्त्रक्रियेतला जुना नियम आजही बदललेला नाही. मात्र इथे अँटिबायोटिकचा कट्टर विरोधकही थोडा चुकतो. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका चाचणीत पाच सेंटिमीटरपर्यंतची गळवे चिरून निचरा केल्यावर काहींना क्लिंडामायसिन किंवा कोट्रायमोक्साझोल आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. औषध घेतलेल्यांत सुमारे ८२ ते ८३ टक्के बरे झाले, न घेतलेल्यांत ६९ टक्के. म्हणजे निचऱ्यानंतर गोळीचा उपयोग होतो, आणि ती द्यायची का हे डॉक्टर ठरवू शकतात. पण त्याच आकड्यांत हेही दिसते की निव्वळ निचऱ्याने दर दहांपैकी जवळजवळ सात जण बरे झाले. निचऱ्याच्या ऐवजी गोळी असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अर्धवट गोळ्यांनी काही वेळा गळू ना पिकते ना विरते, कडक गाठ होऊन कित्येक आठवडे बसते, आणि मग बसले असे म्हटले जाते.

शेकाची खरी मर्यादा आणखी एका बाबतीत आहे: काखेतली किंवा कुल्ल्यावरची प्रत्येक दुखरी गाठ गळू नसते. शौचाच्या जागेला लागून ठणका असेल, बसता येत नसेल आणि शौचाला त्रास होत असेल, तर ते बहुतेकदा गुदमार्गाच्या आतल्या ग्रंथीतून आलेले गळू असते. ते शेकाने बाहेर येण्याची वाट पाहणे चूक, कारण ते आत पसरते आणि पुढे अनेकांना भगंदर होते. त्याला शस्त्रक्रियाच लागते, आणि ती त्याच दिवशी झालेली बरी. माकडहाडाशी, कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या टोकाला पुन्हापुन्हा गाठ येऊन पाझरत असेल, तर तो केस आत रुतून झालेला पायलोनायडल सायनस. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप चालवणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका आढळला की त्याला जीपचा आजार असे नाव पडले. टेम्पो आणि ट्रॅक्टरवाल्यांनी ही जागा लक्षात ठेवावी.

काखेत आणि जांघेत दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे गळवे येत-जात असतील, दुहेरी तोंडाचे काळे ठिपके आणि त्वचेखाली बोगद्यासारख्या वाटा दिसत असतील, तर तो हिड्राडेनायटिस सपरेटिव्हा. फ्रेंच शल्यचिकित्सक व्हेर्नॉय यांनी १८५४ मध्ये त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला होता. आज तो केसाच्या नळीचा दाहरोग मानला जातो. कार्ल मार्क्स आयुष्याची अनेक वर्षे ज्या गळवांनी हैराण होता ती याच रोगाची असावीत, असा निष्कर्ष ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शूस्टर यांनी २००७ मध्ये मार्क्सच्या पत्रांवरून काढला. या रोगात शेकाने ठणका घटतो, रोग हटत नाही. आणि प्रत्येक गळू स्वतंत्र समजून दर वेळी चिरत बसल्याने तर योग्य उपचाराला वर्षे उशीर होतो. भारतात आणखी एक गाठ विसरता कामा नये. काखेत आठवडे-महिने हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी, हाताला गरम न लागणारी मऊ गाठ क्षयाची असू शकते. तिच्यावर शेक देत बसणे म्हणजे निदान पुढे ढकलणे. स्त्रियांनी काखेतली न दुखणारी कडक गाठ तर शेकायचीच नाही, तपासून घ्यायची.

साध्या गळवातही घरचा शेक कुठे थांबवायचा याच्या खुणा स्पष्ट आहेत. ताप किंवा थंडी वाजणे. लाली रेघेबाहेर जाणे किंवा गळवापासून लाल रेषा वर चढणे. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी होणे. बोटाखाली पाणी भरल्यासारखी हलणारी पण फुटायचे नाव न घेणारी गाठ. दिसते त्या मानाने फारच जास्त वेदना. एकाच ठिकाणी अनेक तोंडे असलेली काळपुळी. आणि दोन आठवडे होऊनही न भरलेले गळू. यांतले काहीही दिसले तर दवाखाना. मधुमेही, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण आणि तान्हे बाळ यांच्याबाबत तर खुणांची वाटही पाहू नये.

गळवे वारंवार येत असतील तर रक्तशुद्धीची बाटली आणण्याआधी रक्तातली साखर तपासावी. कित्येकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा कळतो. साखर ठीक असेल आणि घरात एकापाठोपाठ दोघा-तिघांना गळवे होत असतील, तर जंतू नाकातून, सामायिक टॉवेलवरून आणि एकाच वस्तऱ्यावरून फिरत असतो. अशा वेळी डॉक्टर नाकात लावायला म्युपिरोसिनचे मलम काही दिवस देतात, घरातल्यांनी ते एकाच वेळी वापरायचे असते, आणि त्याच दिवसांत उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल व आतले कपडे गरम पाण्यात धुवायचे असतात. नाकाचा उपचार करून टॉवेल तसाच ठेवला तर जंतू परत येऊ शकतो.